चौकशी की विचारपूस

आप्पांनी माझा फोन कट केला तेव्हा मी दौंडला, वडिलांच्या घरी, दोरीवरचे कपडे काढत होते. आधी वाटलं रेंज गेली असेल. केंदूरला त्यांच्या मळ्यात रेंज येते-जाते. पुन्हा लावला. दोन रिंग झाल्या आणि पुन्हा कट. रेंज जाणं वेगळं आणि कुणीतरी मुद्दाम लाल बटण दाबणं वेगळं. ते कानाला कळतं.

इतक्या वर्षांत आप्पांनी माझा फोन कधी कट केला नव्हता. उलट मी 'ठेवते' म्हटल्यावरही ते कांद्याचं, सुनेच्या शिवणक्लासचं, गुडघ्याचं काहीतरी सांगत राहायचे. आणि नेमकं त्या दिवशी मला त्यांच्याशी बोलणं फार गरजेचं होतं.

आप्पा म्हणजे माझे पहिले साहेब. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी क्लार्क म्हणून लागले, तेव्हा ते स्टोअर इन्चार्ज होते. त्यांना साहेब कुणी म्हणत नसे. कॅन्टीनवाल्यापासून प्लांट हेडपर्यंत सगळे आप्पाच म्हणत. मला ते पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले. रॅकवर माल ठेवला की त्याच्या कार्डावर लगेच नोंद करायची, 'मग करते' म्हणायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. माझ्या अंगात याद्या करण्याची खोड जन्मापासूनच होती. आप्पांनी तिला पगार मिळवून दिला, असं मी गमतीनं म्हणते. ते निवृत्त झाले आणि केंदूरला शेती बघू लागले. पुढे काही वर्षांनी कंपनीनं इथलं युनिट बंद करून दुसऱ्या राज्यात नेलं. सगळा माल मोजून, गाड्यांत भरून, चलनांवर सह्या घेऊन स्टोअर रिकामं करून देणं हे माझं तिथलं शेवटचं काम. रिकाम्या रॅकवर फडकं मारून मी किल्ली दिली आणि शिरूरच्या घरी आले.

शिरूरच्या घरी मी एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नोकरीसाठी बंगलोरला. दौंडला वडील एकटे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा रेल्वेत खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. आई गेल्यावरही त्यांनी दौंड सोडलं नाही. गाड्यांचा आवाज नसेल तर झोप लागत नाही, हे त्यांचं कारण. खरं कारण असं की त्या घराची वीट न् वीट आईनं आणि त्यांनी मिळून रचली होती. मी दर शनिवारी न्हावरे मार्गे एसटीनं दौंडला जायची, रविवारी परत. पण त्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यानं जवळजवळ रजा घेतली आणि उजवाही कुरकुरायला लागला. एकदा मी गेले तर गॅसची शेगडी नुसतीच पेटलेली, वर काही नाही, आणि दादा बाहेर खुर्चीवर. मी शेगडी बंद केली आणि मनातल्या यादीत सगळ्यात वर लिहिलं: दौंडला राहायला येणं.

राहायला यायचं तर काम हवं. बसून खाण्याची मला सवय नाही आणि सोयही नव्हती. माझ्या वयाच्या बाईला कोण विचारतं, म्हणून धाकधूक होतीच. तरी अर्ज करत राहिले. आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. कच्चा माल आणि पॅकिंग मटेरियलच्या स्टोअरची इन्चार्ज. दौंडहून कंपनीची बस. सकाळी दादांचा डबा करून निघायचं, संध्याकाळी चहाला घरी. अशी नोकरी मी स्वतः कागदावर लिहून मागितली असती तरी याहून बरी लिहिता आली नसती.

मुलाखत चांगली झाली. दोन दिवसांनी तिथल्या एचआरमधल्या मुलीचा फोन आला. आवाजावरून माझ्या मुलीच्याच वयाची वाटली. म्हणाली, "मॅम, सिलेक्शन झालंय, पण ऑफर लेटर रेफरन्स चेकनंतर निघेल. तुमच्यासोबत काम केलेल्या दोन सीनियर लोकांची नावं, फोन आणि मेल आयडी पाठवा."

या कामात माझी एक पद्धत आहे, मुलीलाही मी तीच शिकवली. नाव द्यायच्या आधी त्या माणसाला विचारायचं. ते मी केव्हाच केलं होतं. युनिट बंद झालं त्याच आठवड्यात आप्पांना फोन करून विचारलं होतं, कुठं अर्ज केला तर तुमचं नाव देऊ का. "द्या की, त्याला काय इचारायचं," म्हणाले होते. पण नुसती परवानगी पुरत नाही. प्रत्यक्ष फोन जायच्या आधी त्या माणसाला एक मेल गेला पाहिजे. कुठली कंपनी, कुठं आहे, पद कुठलं, तिथं काम काय, फोन कुणाचा येईल, साधारण काय विचारतील. म्हणजे किती वर्षं एकत्र होतो, कामाला कशी होती, नोकरी का सोडली. सोबत बायोडेटा आणि कंपनीनं दिलेला कामाचा तपशील जोडायचा, कारण लोक विसरतात. दहा वर्षांपूर्वी आपल्या हाताखाली कोण काय करत होतं, हे ऐन फोनवर कुणाला आठवणार? मात्र काय बोला, हे लिहायचं नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

म्हणून मी आधी एचआरच्या मुलीला विचारलं, फोन कधी करणार आणि कुठल्या नंबरवरून. तिनं सांगितलं. मग दोन मेल लिहिले. एक माझ्या नंतरच्या मॅनेजरना, इंग्रजीत. ते आता पुण्यात असतात. त्यांचं तासाभरात उत्तर आलं: नक्की सांगतो, शुभेच्छा. दुसरा आप्पांना, मराठीत. आप्पांचा मेल आयडी म्हणजे त्यांच्या सुनेनं काढून दिलेला, तिच्याच फोनवर उघडणारा. ती वाचून दाखवते आणि आप्पा ऐकतात. त्यांना सगळं समजावं म्हणून मी खूप विचार करून, चांगल्या शुद्ध मराठीत सुरुवात केली: "आदरणीय आप्पा, सा. न. येत्या दोन-तीन दिवसांत कंपनीकडून माझ्याबाबत आपल्याकडे चौकशी होणार आहे." त्याखाली कंपनीचं नाव, पद, कामं, नंबर, सगळं क्रमवार. दोन जोडपत्रं. पाठवून दिला, यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली आणि दौंडची बस पकडली.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या मुलीचा फोन आला. आवाज जरा बदललेला.

"मॅम, एक क्लॅरिफिकेशन हवं होतं. तुमच्या आधीच्या कंपनीत तुमच्यावर काही एन्क्वायरी चालू आहे का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, नाही, कसली एन्क्वायरी? ती म्हणाली, पुण्याच्या सरांचा फीडबॅक खूप छान आला. पण दुसऱ्या सरांनी फोनवर काहीच सांगायला नकार दिला. लेखी पाठवा म्हणाले. आणि त्यांचं एक वाक्य तिला तिच्या नोंदीत लिहावं लागलं होतं. ते तिनं मला जसंच्या तसं वाचून दाखवलं, त्यांच्या बोलीसकट, जरा चाचरतच: "'त्या बाईनं एक नट-बोल्टसुद्धा हिकडचा तिकडं केलेला न्हाई. बाकी मी तुमच्याशी काय बोलणार न्हाई.'"

पुढे ती म्हणाली, "मी तर मालाबद्दल काही विचारलंच नव्हतं, मॅम."

स्टोअरच्या माणसाला नोकरी देताना कुणी न विचारता 'हिनं चोरी केली नाही' असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. मी आधीच्या कंपनीचं सगळं चुकतं झाल्याचं पत्र, कार्यमुक्तीचं पत्र तिला पुन्हा पाठवते म्हटलं. ती मुलगी भली होती. म्हणाली, "तुम्ही हवं तर दुसरा रेफरन्स द्या ना मॅम. सोमवारी सर फाइल बघतील, त्याआधी."

सोपा मार्ग तोच होता. नाव द्यायला आणखी एक अकाउंट्सच्या बाई होत्या. पण आप्पांचं वाक्य तिच्या नोंदीत तसंच राहिलं असतं, आणि नवं नाव दिलं असतं तर ते जास्तच खरं वाटलं असतं. शिवाय आप्पांना झालं काय होतं? ज्या माणसानं मला कामाला लावलं, तो माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला तयार नव्हता, हे मला पटत नव्हतं आणि सहनही होत नव्हतं. म्हणून त्यांना फोन लावला आणि त्यांनी तो कट केला. सुनेला लावला. तिनं उचलला, पण दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, आप्पांनी सांगितलंय, निकाल लागंस्तवर तुमच्याशी बोलायचं न्हाई. तुमच्याच भल्यासाठी हाय म्हणत्यात." आणि ठेवला.

निकाल? कसला निकाल?

कपड्यांची घडी तशीच टाकून मी दादांजवळ येऊन बसले. सगळं सांगितलं. दादांना दिसत कमी होतं, पण ऐकताना ते मान किंचित तिरकी करून असे ऐकतात की सांगणाऱ्यानं नीटच सांगावं. माझं झाल्यावर म्हणाले, "मेल वाच बघू. काय लिवलंस त्यास्नी?"

मी फोन काढून वाचायला लागले. पहिलंच वाक्य संपलं आणि त्यांनी हात वर केला.

"थांब. पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. येत्या दोन-तीन दिवसांत कंपनीकडून माझ्याबाबत आपल्याकडे चौकशी होणार आहे.

दादा हसायला लागले. खांदे हलवून, आवाज न करता. मला रागच आला. इथं माझ्या नोकरीचं काय होणार कळेना आणि हे हसतात. डोळे पुसत ते म्हणाले, "अगं बाय, नोकरी करनाऱ्या मानसाला चौकशी म्हंजी एकच. चौकशी लागली. तू त्यांना सांगितलंस की तुज्यावर चौकशी लागलीया."

क्षणात सगळं उलगडलं. आमच्या कंपनीत कुणावर आरोप आला की आधी आरोपपत्र आणि मग चौकशी. चौकशी अधिकारी, साक्षीदार, जबाब. आप्पांना एकदा साक्षीला बोलावलं होतं, मला आठवत होतं. केबलचं एक भेंडोळं कमी भरलं आणि एका हेल्परवर चौकशी लागली. साक्षीदारांना बजावलं होतं, संबंधित माणसाशी बोलायचं नाही, नाहीतर संगनमत धरलं जाईल. आप्पा निव्वळ शेजारून जाताना त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि तेच त्याच्या विरुद्ध धरलं गेलं. तो माणूस गेला नोकरीतून. आप्पा त्यानंतर कित्येक दिवस कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर यायचेच नाहीत.

आणि 'कंपनी' म्हटलं की आप्पांच्या डोळ्यांपुढं एकच गेट येणार, रांजणगावचं. सगळा माल मोजून देऊन मी बाहेर पडले होते. आता कंपनीला काही कमी भरलं आणि त्यांनी ताईवर चौकशी लावली, असं त्यांनी धरलं. फोनवर कुरकुंभचं नाव आलं असलं तरी घाबरलेल्या कानांत ते शिरलं नसणार. म्हणजे ते माझ्यापासून तोंड फिरवत नव्हते, मला वाचवत होते. लेखी मागा, फोनवर बोलू नका, ताईशी संपर्क ठेवू नका, तिनं काही केलेलं नाही एवढंच ठासून सांगा. जे नियम त्यांना ठाऊक होते ते सगळे त्यांनी माझ्यासाठी पाळले होते.

मी दादांना हे सांगितलं. मग त्यांनी त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कधी ऐकली नव्हती.

दादा मूळचे निमोण्याचे. सत्तरच्या दशकात ते रेल्वेत भरतीसाठी गेले आणि निवडले गेले. रुजू व्हायच्या आधी वर्तणुकीची तपासणी म्हणून शिरूरहून पोलीस निमोण्याला आला. आमच्या वस्तीत, बौद्धवाड्यात, पोलीस यायचा तो काही चांगल्यासाठी नसायचा. त्यानं दादांचं नाव घेऊन विचारलं, हा इथंच राहतो का, कसा माणूस आहे. पहिल्या घरानं सांगितलं, असा कुणी इथं राहत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, तो मुंबईला गेला, परत येत नाही. दादांची सख्खी चुलती म्हणाली, हे नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आणि दादा तेव्हा तिच्याच घराच्या मागं सरपण फोडत होते. पोलिसानं लिहून नेलं: सदर इसम आढळून आला नाही.

"समद्यांनी लई मायेनं मला नोकरीतून काढला," दादा म्हणाले.

मग गावातले शाळामास्तर सायकलवरून शिरूरच्या ठाण्यात गेले, पुन्हा माणूस पाठवा म्हणून विनंती केली. आणि त्याहून महत्त्वाचं काम त्यांनी आधी केलं. वस्तीत घरोघर फिरले. उंबऱ्यात उभे राहून सांगितलं, "हा रेल्वेत लागतोय, दौंडला, खलाशी म्हणून. त्यासाठी सरकार त्याची माहिती विचारणार आहे. पोलीस येईल, पण धरायला नाही येणार. जे खरं असेल ते सांगा." पोलीस पुन्हा आला तेव्हा त्याला चहा मिळाला आणि चुलतीनं दादांच्या गुणांचं असं काही वर्णन केलं की त्याला लिहिता लिहिता थांबवावं लागलं.

"मास्तरांनी काय येगळं केलं?" दादा म्हणाले. "आदी कामाचं नाव सांगितलं. मग पोलिसाचं. तू उलटं केलंस. आदी पोलीस सोडलास."

मी म्हटलं, खाली सगळं लिहिलं होतं की, कंपनी, पद, काम. दादा म्हणाले, पहिल्या वाक्यालाच माणूस घाबरला तर खालचं कोण ऐकतं. आणि मग विचार करून म्हणाले, "इचारपूस लिवायचं व्हतं. चौकशी परक्याची आस्ती. इचारपूस आपल्या मानसाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरूरला गेले, स्कूटी काढली आणि शिक्रापूर, पाबळच्या रस्त्यानं केंदूर गाठलं. आप्पा कांद्याच्या आरणीपाशी, रचून झाकलेल्या ढिगाजवळ, होते. मला बघून उभे राहिले, इकडं तिकडं पाहिलं आणि खरोखर कुजबुजत म्हणाले, "ताई, तुम्ही इथं यायला नको व्हतं. कुनी बघितलं तर?"

मी म्हटलं, आप्पा, बघू दे सगळ्यांना.

"आसं म्हनू नका. तुमाला ठावं न्हाई हे लोक कसं करत्यात. मी सांगितलंय त्या बाईला, लेखी द्या. आन् एक सांगतो, मी वकील बघून ठेवलाय. शिक्रापूरला. आपल्या ओळखीचा हाय."

वकील बघून ठेवलाय म्हटल्यावर मला हसूही आलं आणि रडूही. मी तिथंच बांधावर बसले आणि म्हटलं, आप्पा, माझ्यावर कसलीही चौकशी नाही. मला नोकरी लागते आहे. कुरकुंभला. स्टोअर इन्चार्ज म्हणून. जे तुम्ही होता, ते. दादांजवळ राहून करता येईल असं. त्यांना तुमच्याकडून एवढंच जाणून घ्यायचं आहे की मी काम कसं करते.

आप्पा हातातला कांदा उगाच चोळत राहिले, त्याची पातळ साल सुटून वाऱ्यानं उडत गेली.

"इन्चार्ज?" म्हणाले.

"इन्चार्ज."

"आन् मी त्यास्नी काय सांगितलं." त्यांनी डोक्याची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मी तर पार तुमची वाट लावली की, ताई."

मी म्हटलं, वाट लागलेली नाही अजून. सोमवारपर्यंत वेळ आहे. सून चहा घेऊन आली तर आप्पा तिच्यावरच घसरले, नीट वाचता येत नाही का म्हणून. तिनं पदर सावरत सरळ सांगितलं, "म्या पुढं वाचत व्हते. तुम्हीच म्हनला, बास, समजलं." आम्ही तिघंही हसलो.

मी तिथूनच एचआरच्या मुलीला फोन केला. काय झालं ते लपवलं नाही. चौकशी शब्दाचा गोंधळ सांगितला. ती खुदकन हसली. तिचे वडीलही कारखान्यात होते म्हणाली, तिला लगेच कळलं. सरांना लेखीच हवं असेल तर मी प्रश्न मेलनं पाठवते, त्यांनी मेलनं उत्तर द्यावं, तेही चालतं आमच्याकडे, असं म्हणाली. आप्पांना लेखी म्हटल्यावर बरंच वाटलं. जे लेखी, त्यावर त्यांचा विश्वास.

आणि मग मी त्यांना तोच मेल नव्यानं लिहून पाठवला, मास्तरांच्या क्रमानं. आधी पद, मग कंपनीचं नाव आणि गाव, मग काम, आणि अगदी शेवटी, ही मंडळी तुमच्याकडे माझी विचारपूस करतील. सुनेनं तिथंच उघडून शेवटपर्यंत वाचून दाखवला. आप्पा जोडपत्रंही वाच म्हणाले. कामाच्या तपशिलात "मालाची वेळच्या वेळी नोंद" असं होतं, तिथं त्यांनी मान हलवली, जणू ते वाक्य त्यांनीच कुरकुंभच्या कंपनीला लिहून दिलं होतं.

उत्तर ते माझ्यासमोर लिहिणार नव्हते आणि मलाही ते नको होतं. "आता तुमी निघा," म्हणाले. "साक्षीदारासमोर बसायचं नसतं." या वेळी मात्र म्हणताना त्यांच्या मिशा हलल्या.

त्यांनी काय लिहिलं ते मला पुढे कळलं. रुजू झाले त्या दिवशी एचआरची मुलगी कागदपत्रांवर माझ्या सह्या घेत होती. म्हणाली, खरं तर सांगायचं नसतं, पण एक उत्तर सांगते. त्यांच्या ठरीव प्रश्नांत शेवटचा असतो: या व्यक्तीला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का? आप्पांनी लिहिलं होतं, "मी निवृत्त आहे. मला घेता येत नाही. म्हणून आपण घ्यावे." तिच्या साहेबांनी ते फाइलमध्ये वाचलं आणि पुढची पानं उलटलीच नाहीत म्हणे.

पण ते नंतरचं. ऑफर लेटर आलं त्या संध्याकाळी मी दौंडलाच होते. मदत करणाऱ्याला निकाल कळवायचा, हेही माझ्या पद्धतीत आहे. लोक नेमकं तेच विसरतात. पुण्याच्या सरांना कळवलं. मग आप्पांना मेल लिहिला: पद मिळालं, अमुक दिवशी रुजू होते आहे, तुमचे उपकार. दादांची भाजी फोडणीला टाकून येते तोवर उत्तर आलं होतं. सुनेनं टाइप केलेलं, पण भाषा आप्पांची, जुन्या नोटीस बोर्डावर असायची तशी:

"चौकशी पूर्ण झाली. काही आढळून आले नाही. ताईंनी कामावर रुजू व्हावे."

मी ते दादांना वाचून दाखवलं. ते पुन्हा तसेच खांदे हलवून हसले. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, ती जाईपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "अजून एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग उठून शेगडी बारीक केली.